चढ ऋण आला की कोन कुठे मोजायचा? रेषेचा कल काढण्याची पद्धत

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी माध्यमाच्या शाळेतून दहावी करून पीयूसी सायन्सला गेलेल्यांसाठी हा लेख आहे. कर्नाटकच्या दहावीत निर्देशक भूमिती अंतराच्या आणि विभाजनाच्या सूत्रावर थांबते. रेषेचा चढ पहिल्यांदा भेटतो तो पीयूसीच्या पहिल्या वर्षी, तोही इंग्रजीतून. त्याच बाकावर चंदगड किंवा गडहिंग्लजहून आलेला मुलगा असेल तर त्याने चढ दहावीतच केलेला असतो, त्यामुळे आपणच मागे पडलो असं वाटतं. तसं काही नसतं, कारण ऋण चढाशी तोही अडखळतो.

वर्गात ‘स्लोप’ म्हणतील तो चढ, अक्षर m. ‘इन्क्लिनेशन’ म्हणतील तो कल, अक्षर θ. दोघांना जोडणारं सूत्र एकच:

m = tan θ

θ माहीत असेल तर m काढणं सरळ आहे. m वरून θ कडे उलटं जाताना चिन्ह आणि चरण यांचा घोळ होतो. लेख या उलट्या वाटेबद्दल आहे आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपण एकच रेषा धरून चालणार आहोत: A(-2, 5) आणि B(4, -3) या बिंदूंतून जाणारी.

लागणारं साहित्य

- आलेखाची वही, पट्टी, कोनमापक
- 30°, 45°, 60° च्या टॅनच्या किमती (पाठच हव्यात)
- सायंटिफिक कॅल्क्युलेटर, फक्त सरावासाठी. सीईटीला तो चालत नाही, डिप्लोमाला मात्र रोज लागतो

## 1. कोणता कोन मोजायचा ते आधी पक्कं करा

दोन रेषा एकमेकींना छेदतात तेव्हा चार कोन होतात. त्यातला कल कोणता? X-अक्षाच्या धन बाजूवर, म्हणजे उजवीकडे, पट्टी आडवी ठेवा. छेदनबिंदूपाशी एक टोक दाबून धरा आणि पट्टी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवायला लागा. ती पहिल्यांदा आपल्या रेषेवर बसेल तेवढा कोन म्हणजे कल.

पट्टी अर्धा फेरा फिरायच्या आत रेषेवर बसतेच, म्हणून कल नेहमी 0° ते 180° च्या दरम्यान असतो. 0° धरायचे, 180° धरायचे नाहीत, कारण 180° म्हणजे पुन्हा तीच आडवी रेषा. कल कधीच ऋण नसतो आणि 180° च्या पुढेही जात नाही. ही मर्यादा वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढे तिच्यावरच भिस्त आहे.

एक गैरसमज इथेच दूर करू. रेषा किंवा तिच्यावरचे बिंदू कोणत्या चरणात आहेत, याचा कलाच्या चरणाशी काहीही संबंध नाही. (-5, -1) आणि (-2, -5) हे दोन्ही बिंदू तिसऱ्या चरणात आहेत. त्यांतून जाणाऱ्या रेषेचा कल तिसऱ्या चरणातला, म्हणजे 180° च्या पुढचा, असेल असं बरेच जण लिहितात. पण ती रेषा आपल्या AB ला समांतर आहे आणि तिचा कल AB च्या कलाइतकाच आहे. कलाला चरण दोनच मिळतात: चढ धन असेल तर पहिलं, ऋण असेल तर दुसरं.

## 2. चढ काढा आणि चिन्ह हरवू देऊ नका

m = (y₂ - y₁) / (x₂ - x₁)

A हा पहिला बिंदू आणि B हा दुसरा धरू.

y चा फरक: -3 - 5 = -8
x चा फरक: 4 - (-2) = 6
m = -8/6 = -4/3

B पहिला धरला तर वर 8 आणि खाली -6 येईल, पण भागाकार तोच. म्हणजे सुरुवात कुठून करता याने फरक पडत नाही. वर B वजा A आणि खाली A वजा B अशी अदलाबदल झाली तर मात्र चिन्ह पालटतं आणि कल चुकतो. 4 - (-2) चं 2 करणं ही दुसरी नेहमीची चूक. ऋण निर्देशक कंसात लिहायची सवय लावली की ती टळते.

बिंदूंऐवजी समीकरण दिलेलं असेल तर? आपल्या रेषेचं समीकरण 4x + 3y = 7 आहे. दोन्ही बिंदू घालून पाहा, बसतात. ax + by + c = 0 या रूपात m = -a/b, म्हणजे इथे -4/3. सूत्रातलं ते वजाचं चिन्ह सर्वांत जास्त विसरलं जातं, कारण समीकरणात 4 आणि 3 दोन्ही धन दिसतात. खात्री नसेल तर y एकटा करा: y = -(4/3)x + 7/3. आता x चा सहगुणक डोळ्यांसमोर आहे.

उत्तर काढण्याआधी कच्ची आकृती काढाच. डावीकडून उजवीकडे जाताना A पासून B पर्यंत रेषा खाली उतरते, म्हणजे चढ ऋण आणि कल विशालकोन. इतकं कळलं तरी अर्ध्या चुका जागीच थांबतात.

## 3. चिन्ह बाजूला ठेवून लघुकोन काढा

ऋण संख्येचा टॅन इन्व्हर्स थेट काढायला जाऊ नका. आधी चिन्ह झाकून फक्त 4/3 घ्या आणि विचारा: कोणत्या लघुकोनाचा टॅन 4/3 आहे?

tan⁻¹(4/3) = 53.13°

याला आपण α म्हणू. रेषा आडव्या अक्षाशी जो लहान कोन करते तो हा. तो कल आहे की नाही ते अजून ठरलेलं नाही.

## 4. चिन्ह पाहून कल ठरवा

m धन असेल तर θ = α.
m ऋण असेल तर θ = 180° - α.
m शून्य असेल तर θ = 0°.
x चा फरक शून्य असेल, म्हणजे छेद 0 आला, तर रेषा उभी आहे. चढ काढताच येत नाही, पण कल आहे आणि तो 90° आहे.

शेवटच्या ओळीत घाई करू नका. ‘चढ अस्तित्वात नाही’ असं लिहून पुढे ‘म्हणून कलही नाही’ असं लिहिणारे भेटतात. कॅल्क्युलेटर छेद 0 ला `Math ERROR` दाखवतो म्हणून हा समज होतो. उभ्या रेषेचा कोन तर डोळ्यांना दिसतो.

आपल्या रेषेचा चढ ऋण आहे, म्हणून

θ = 180° - 53.13° = 126.87°

180° मधूनच का वजा करायचं? कोनमापक घेऊन पाहा. उतरत्या रेषेचा लहान कोन X-अक्षाच्या डाव्या बाजूला, अक्षाच्या वर बसलेला असतो. आपल्याला मोजायचं आहे उजवीकडून. उजव्या टोकापासून डाव्या टोकापर्यंत पूर्ण सरळ कोन 180°, त्यातून तो लहान कोन काढला की उरतो तो कल.

चढ नेहमीच्या किमतींपैकी असेल तर कॅल्क्युलेटरची गरजच नाही:

| चढ m | α | कल θ |
|---|---|---|
| 1/√3 | 30° | 30° |
| 1 | 45° | 45° |
| √3 | 60° | 60° |
| -√3 | 60° | 120° |
| -1 | 45° | 135° |
| -1/√3 | 30° | 150° |

खालच्या तीन ओळी नीट बघा. -√3 चा कल -1/√3 पेक्षा लहान आहे. ‘चढ जास्त ऋण, म्हणून कोन जास्त मोठा’ असं मनात असेल तर ते काढून टाका. चढ -0.02 असलेली रेषा जवळजवळ आडवी असते आणि तिचा कल 178.85°. चढ -50 असलेली रेषा जवळजवळ उभी असते आणि तिचा कल 91.15°. म्हणजे आकडा ऋण बाजूला जितका मोठा, तितका कल 90° कडे येतो. यावरून एक झटपट अंदाज मिळतो: चढ -1 आणि 0 यांच्यामध्ये असेल तर कल 135° ते 180° मध्ये, चढ -1 च्या पलीकडे असेल तर 90° ते 135° मध्ये. आपला -4/3 दुसऱ्या गटात येतो आणि 126.87° तिथे बसतो.

## 5. कॅल्क्युलेटर -53.13 दाखवतो, तेव्हा तो चुकलेला नसतो

`SHIFT` `tan` दाबून -4/3 घातलं तर पडद्यावर -53.13 येतं. पुष्कळ जण इथे गोंधळतात, काही जण चिन्ह खोडून 53.13° लिहून मोकळे होतात.

रेषा अर्धा फेरा, म्हणजे 180°, फिरवली की ती पुन्हा स्वतःवरच बसते. म्हणून 180° च्या फरकाच्या कोनांचा टॅन सारखाच असतो. एका चढाला त्यामुळे असंख्य कोन जुळतात: -53.13°, 126.87°, 306.87° आणि पुढेही. यातला एक निवडायला काहीतरी नियम हवा. कॅल्क्युलेटरचा नियम -90° ते 90° असा आहे, कलाचा नियम 0° ते 180°. धन चढाला दोन्ही नियम एकच कोन देतात, म्हणून तिथे अडचण येत नाही. ऋण चढाला ते वेगळे होतात आणि कॅल्क्युलेटरच्या उत्तरात आपल्याला 180° मिळवावे लागतात:

-53.13° + 180° = 126.87°

चौथ्या पायरीतलं 180° - α हेच आहे, फक्त दुसऱ्या वाटेने. दोन्ही वाटा एकाच गणितात मिसळू नका. आधी चिन्ह झाकलं असेल तर वजा करा, चिन्हासकट घातलं असेल तर मिळवा.

बटणं दाबण्याआधी `tan⁻¹(1)` काढून बघा. 45 आलं तर यंत्र अंशांत आहे. 0.785 आलं तर रेडियनमध्ये आहे. 50 आलं तर ग्रेडियनमध्ये आहे आणि तो मोड आपल्याला कधीच नको असतो.

कंसाकडेही लक्ष द्या. नव्या मॉडेलमध्ये `tan⁻¹(` असा कंस आपोआप उघडतो. जुन्या मॉडेलमध्ये तो नसतो, आणि तिथे -4÷3 तसंच घातलं तर यंत्र आधी -4 चा टॅन इन्व्हर्स काढून मग 3 ने भागतं. कंस स्वतः घाला: `tan⁻¹(-4÷3)`.

## 6. तपासणी दोनदा करा

पहिली तपासणी: आलेल्या कोनाचा टॅन काढा. चढ परत मिळाला पाहिजे. tan 126.87° = -1.333, ठीक.

दुसरी तपासणी: कोन 0° ते 180° मध्ये आहे का?

दोन्ही लागतात. 306.87° पहिल्या तपासणीत पास होतो, कारण त्याचाही टॅन -4/3 आहे, आणि दुसरीत पकडला जातो. 53.13° दुसरीत पास होतो आणि पहिलीत पकडला जातो.

कोनमापकाने पडताळायचं असेल तर आलेखावर दोन्ही अक्षांचं प्रमाण सारखं ठेवा. X वर 1 सेमी = 1 एकक आणि Y वर 1 सेमी = 2 एकक घेतलं तर कागदावरची रेषा चपटी होते. तिचा कागदावरचा चढ -2/3 होतो आणि कोनमापक सुमारे 146° दाखवतो. गणित बरोबर असताना आपण ते खोडून बसतो.

## 7. उत्तर चुकलं असेल तर आकड्यावरून चूक शोधा

हा भाग सरावाच्या वेळी शेजारी ठेवा. याच रेषेवर येणारी चुकीची उत्तरं ठरलेली असतात आणि प्रत्येक आकडा आपलं मूळ सांगतो.

53.13° आलं म्हणजे चिन्ह गळालं. बहुतेक वेळा -a/b मधलं वजा विसरलेलं असतं.

-53.13° किंवा 306.87° आलं म्हणजे रेषा बरोबर आहे, फक्त मर्यादा पाळली नाही. 306.87° लिहिणाऱ्याने ‘टॅन चौथ्या चरणात ऋण असतो’ हे लक्षात ठेवलेलं असतं, कल चौथ्या चरणात जातच नाही हे विसरलेलं असतं.

143.13° हा सर्वांत फसवा आकडा. तो विशालकोन आहे, मर्यादेत आहे, आकृतीतही चालून जातो. पण tan 143.13° = -0.75, म्हणजे -3/4. तपासणीत चढ असा उलटा, अंशाच्या जागी छेद होऊन आला, की दोनच शक्यता: चढाच्या सूत्रात x चा फरक वर घातला, किंवा 180° मधून वजा करण्याऐवजी 90° मध्ये α मिळवला.

154.68° म्हणजे वर सांगितलेला कंस राहिला.

179.07° म्हणजे यंत्र रेडियनमध्ये होतं. त्याने -0.9273 दिलं आणि आपण त्यात 180 मिळवले. रेडियनमध्ये काम करायचंच असेल तर π मिळवा: -0.9273 + 3.1416 = 2.2143. 120.97° आलं तर तोच प्रकार ग्रेडियनमध्ये झाला आहे.

चढ नेहमीच्या किमतींपैकी नसेल आणि कॅल्क्युलेटरही नसेल तर उत्तर तसंच ठेवायचं: θ = 180° - tan⁻¹(4/3), किंवा रेडियनमध्ये π - tan⁻¹(4/3). पर्यायी प्रश्नांत tan⁻¹(4/3) हा पर्यायही शेजारीच ठेवलेला असतो, तेवढं सांभाळा.

## 8. जिथे कल लागत नाही ते ओळखा

खानापूरकडचं कौलारू घर घ्या. समोरून पाहिलं तर भिंतींमधलं अंतर 6 मीटर, आढं भिंतींच्या माथ्यापेक्षा 1.5 मीटर वर. डावं पाखं 3 मीटरमध्ये 1.5 मीटर चढतं: m = 0.5, कल 26.57°. उजवं पाखं तितकंच उतरतं: m = -0.5, कल 153.43°. सुतार मात्र दोन्ही पाख्यांना साडेसव्वीस अंशच म्हणेल आणि वासे त्याच मापाने कापेल. त्याला आडव्याशी होणारा लघुकोन हवा आहे, आपला α. प्रश्नात ‘आडव्याशी केलेला लघुकोन’ विचारला असेल तर चौथी पायरी गाळा. ‘X-अक्षाच्या धन दिशेशी’ असे शब्द असतील तर ती करावीच लागते.

दुसरी जागा म्हणजे दिशा. रेषेला दिशा नसते, पण A पासून B कडे चालणाऱ्या माणसाला असते. A→B जाताना x 6 ने वाढतो आणि y 8 ने घटतो, म्हणजे दिशा चौथ्या चरणात: -53.13° किंवा 306.87°. B→A जाताना ती दुसऱ्या चरणात, 126.87°. सदिशांच्या धड्यात आणि फिजिक्समध्ये हीच दिशा विचारतात, आणि ती नुसत्या m वरून कधीच ठरत नाही, कारण -8/6 आणि 8/-6 भागल्यावर एकच होतात. तिथे दोन्ही फरकांची चिन्हं वेगवेगळी जपावी लागतात.

संगणकावर हे काम `atan2` करतं. पायथॉनमध्ये दिशा काढून तिला 180 च्या मर्यादेत आणलं की कल मिळतो:

```python
import math
dx, dy = 6, -8
kal = math.degrees(math.atan2(dy, dx)) % 180
print(round(kal, 2))   # 126.87
```

dx = -6, dy = 8 घातलं तरी उत्तर तेच येतं, आणि dx = 0 असताना न अडखळता 90 येतं. एक्सेलमध्ये मात्र क्रम उलटा आहे, आधी x आणि मग y:

```
=MOD(DEGREES(ATAN2(6,-8)),180)
```

पायथॉनच्या सवयीने तिथे `ATAN2(-8,6)` टाईप केलं तर पुन्हा तो 143.13 हजर होतो.

डिप्लोमाला सिव्हिल घेतलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. सर्व्हेमधलं बेअरिंग उत्तरेपासून आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजतात, म्हणजे सुरुवातही वेगळी आणि फिरणंही उलटं. रूपांतर असं: 90° मधून आपली दिशा वजा करा, उत्तर ऋण आलं तर 360° मिळवा. A→B साठी 90° - (-53.13°) = 143.13°. इथे हा आकडा बरोबर आहे. B→A साठी 90° - 126.87° = -36.87°, म्हणून 323.13°. दोन्हींत नेमका 180° चा फरक पडला की रूपांतर जमलं.